वाडा सरळ, मग चित्रातच वाकडा का? भिंत रंगवण्याआधी फोटो जोडताना

पुण्यातल्या एखाद्या शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीवर विश्रामबागवाड्याचा दर्शनी भाग रंगवायचा आहे, असं समजू. भिंत ३० फूट लांब आणि ८ फूट उंच. भिंत रंगवणारा माणूस साधारणपणे फोटोवर चौकटी आखतो, तितक्याच चौकटी भिंतीवर खडूने आखतो आणि एकेक घर बघत रेघा उतरवतो. पद्धत जुनी आहे आणि उत्तम चालते. पण फोटोत जे असेल ते भिंतीवर दसपटीने मोठं होऊन येतं, त्यातल्या चुकाही. म्हणून रेफरन्स म्हणून घेतलेला फोटो खरा असायला हवा. इथे खरा म्हणजे सुंदर नव्हे. वाड्याचे दोन खण प्रत्यक्षात सारखे असतील तर ते फोटोतही सारखे यावेत, आणि वळचणीची रेघ सरळ असेल तर ती फोटोतही सरळ राहावी, एवढाच त्याचा अर्थ.

अडचण जागेची आहे. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधून घेतलेला हा वाडा आज बाजीराव रस्त्याला लागूनच उभा आहे. समोर मैदान नाही की चारशे पावलं मागे जाऊन अख्खा वाडा एका फोटोत घ्यावा. समोरच्या फूटपाथवर उभं राहायचं आणि तिथून जेवढं दिसेल तेवढंच मिळतं. हिशेबाच्या सोयीसाठी धरून चालू की फूटपाथपासून वाड्याची भिंत १० मीटरवर आहे आणि आपल्याला तिचा ३० मीटरचा भाग हवा आहे. तुमच्या जागी हे आकडे वेगळे येतील, पण रीत हीच राहील. ३० मीटरला ३० फूट, म्हणजे प्रत्यक्षातला एक मीटर भिंतीवर एक फूट होणार.

दहा मीटरवरून तीस मीटर बघायचं तर नजर डावीकडून उजवीकडे सुमारे ११३ अंश फिरवावी लागते. फोनचा मुख्य कॅमेरा, म्हणजे ज्यावर 1x लिहिलेलं असतं तो, फोन उभा धरला तर आडवं सुमारे ५३ अंश आणि उभं ६७ अंश टिपतो. म्हणजे एका फोटोत निम्माही वाडा मावत नाही. 0.5x ची रुंद लेन्स वापरावी असं लगेच सुचतं. ती बरंच मावून घेते, पण तेवढेच पिक्सेल दुप्पट रुंद जागेवर पसरतात, आणि त्या लेन्सचा कडेचा भाग बहुतेक फोनमध्ये मऊ, धुरकट येतो. नेमकं कोरीवकाम उतरवायचं असेल तर तो फोटो उपयोगाचा नाही.

फोनमधलं तयार पॅनोरमा मोडही या कामाला नको. ते तुम्ही फोन फिरवत असताना अरुंद उभ्या पट्ट्या टिपून शेजारी शेजारी लावत जातं. हात थोडा खाली गेला की वळचणीला पायरी पडते, मधून दुचाकी गेली की ती चेपते किंवा ताणली जाते, आणि नंतर यातलं काहीच सुधारता येत नाही, कारण मूळ फोटो तुमच्या हातात नसतात. वेगळे फोटो काढून मग जोडले तर प्रत्येक जोड कुठे द्यायचा, कोणता फोटो कुठे वापरायचा आणि शेवटी सगळं कोणत्या पृष्ठावर पसरायचं, हे तुम्ही ठरवता. या तिसऱ्या निर्णयावर सगळं अवलंबून आहे, पण त्याच्याकडे जाण्याआधी फोटो नीट यायला हवेत.

फोन फिरवायचा, सरकवायचा नाही

फोटो जोडताना सॉफ्टवेअर असं गृहीत धरतं की लेन्स जागची हलली नाही, ती फक्त वळली. हे गृहीत खरं असेल तर दोन फोटोंमध्ये पुढची वस्तू आणि तिच्या मागची वस्तू यांचं एकमेकांशी नातं बदलत नाही, आणि दोन्ही फोटो एकमेकांवर बरोबर बसतात. लेन्स जागेवरून सरकली की पुढचा खांब मागच्या भिंतीच्या मानाने सरकलेला दिसतो. डावा डोळा मिटून उजव्याने बघितलं की समोर धरलेलं बोट उडी मारतं, तोच हा प्रकार. याला पॅरलॅक्स म्हणतात. असे दोन फोटो कोणत्याही सॉफ्टवेअरला पूर्ण जुळवता येत नाहीत, कारण ते खरोखरच दोन वेगवेगळ्या जागांवरून काढलेले असतात.

सगळेजण फोन हात लांब करून धरतात आणि कमरेतून वळतात. तेव्हा फोन तुमच्या अंगाभोवती अर्ध्या मीटरहून थोड्या मोठ्या वर्तुळावर फिरतो. एका फोटोकडून पुढच्या फोटोकडे २६-२७ अंश वळलात की लेन्स सुमारे २५ सेंटिमीटर बाजूला गेलेली असते. आता वाड्याच्या पुढच्या ओळीतला खांब १० मीटरवर आहे आणि त्याच्यामागची भिंत १२ मीटरवर आहे असं धरा. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत तो खांब मागच्या भिंतीच्या मानाने १२-१३ पिक्सेल सरकलेला येतो. जोडलेल्या चित्रात ही गोष्ट खांबाची दुहेरी कड होऊन दिसते. आणि तुमच्या बाजूच्या फूटपाथवर, दोन मीटरवर, विजेचा खांब असेल तर तो तब्बल ३०० पिक्सेल सरकतो. म्हणजे चित्रात एकाच्या जागी दोन खांब.

लेन्स जागेच्या दोन सेंटिमीटरच्या आत राहिली तर वाड्याच्या खांबाची चूक एका पिक्सेलवर येते, म्हणजे नाहीच. त्यासाठी महागडं स्टँड लागत नाही, गवंड्याचा ओळंबा पुरतो. बारीक दोऱ्याला एक जड नट बांधा, दोऱ्याचं वरचं टोक चिकटपट्टीने फोनच्या पाठीवर, मुख्य लेन्सच्या अगदी शेजारी चिकटवा. लेन्स फोनच्या एका वरच्या कोपऱ्यात असते, त्यामुळे दोरा फोनच्या मध्यावर नको, लेन्सपाशीच हवा. फूटपाथवर खडूने फुली काढा. नट फुलीच्या थोडा वर लटकू द्या. प्रत्येक फोटोच्या वेळी नट फुलीवर स्थिर झाला की बटण दाबायचं. मग फोन जागच्या जागी थोडा वळवायचा आणि तुम्ही फुलीभोवती पावलं टाकत वळायचं. फोन कोपरं अंगाला लावून जवळ धरा. दोरा नसेल तर निदान एवढं तरी पाळा की तुम्ही फोनभोवती फिरायचं, फोनने तुमच्याभोवती नाही.

फोन उभाच धरायचा. उभा धरल्याने उंची जास्त मिळते. १० मीटरवरून डोळ्याच्या पातळीच्या वर सुमारे साडेसहा मीटर, म्हणजे जमिनीपासून आठ मीटरच्या आसपास. कौलांचा शिरा कापला जात असेल तर फोन वर झुकवून फोटोंची दुसरी ओळ घ्या, तीही त्याच फुलीवरून. पहिल्या ओळीत मात्र फोन वर-खाली झुकवू नका. पडद्यावरच्या जाळीच्या रेघा चालू करून क्षितिजाच्या पातळीवर नजर ठेवा.

दोन शेजारच्या फोटोंमध्ये किती भाग सामायिक असावा? एरवी तिसरा हिस्सा पुरतो. वाड्यासाठी मी निम्मा ठेवायला सांगेन, आणि त्याचं कारण पुढे येईलच. निम्मा ठेवला तर दर फोटोला साधारण २६ अंश वळायचं, आणि चार फोटोंत १३० अंशांच्या वर मिळतात. आपल्याला ११३ हवेत. दोन्ही टोकांना थोडा जास्तीचा भाग उरतो, तो नंतर कापायला लागतोच.

उजेडाची एक गोष्ट. फोन प्रत्येक फोटोसाठी उजेड नव्याने मोजतो. डावीकडे सावली, उजवीकडे ऊन असेल तर चार फोटो चार रंगांचे येतात. आयफोनवर वाड्याच्या मधल्या भागावर बोट दाबून धरलं की पडद्यावर AE/AF LOCK असं येतं, ते आल्यावर चारही फोटो काढा. अँड्रॉइडच्या प्रो मोडमध्ये शटर, आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स हातानेच ठरवून टाकता येतात, ते जास्त चांगलं. ढगाळ दिवस मिळाला तर सोन्याहून पिवळं, कारण कोरीवकामात काळ्या सावल्या पडत नाहीत आणि रंग सगळीकडे सारखा राहतो.

रस्ता वाहता आहे, हे विसरून चालणार नाही. बस, रिक्षा, दुचाक्या कुठे ना कुठे वाड्यासमोर असणारच. म्हणून प्रत्येक दिशेला एकच फोटो घेऊ नका. नट फुलीवर धरून तिथेच थांबा आणि वाहनं पुढे सरकतील तसे तीन-चार फोटो घ्या, मग पुढच्या दिशेला वळा. वाड्याचा प्रत्येक भाग कोणत्या ना कोणत्या फोटोत मोकळा मिळाला म्हणजे झालं.

जोडताना आत काय घडतं

जोडण्यासाठी मी Hugin हे सॉफ्टवेअर धरून सांगते, कारण ते फुकट आहे आणि त्यात हवं ते सगळं हाताळता येतं. फोटो JPEG स्वरूपात द्या. तुमचा फोन HEIC साठवत असेल तर आधी बदलून घ्या. पहिल्या पानावर Load images, मग Align, मग Create panorama अशी तीन बटणं आहेत. पण तिसरं बटण घाईने दाबू नका.

Align दाबल्यावर सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोत ठळक खुणा शोधतं. नक्षीचा कोपरा, दुकानाच्या पाटीवरचं अक्षर, पडलेल्या गिलाव्याची कड. फोटो थोडा वळला किंवा लहानमोठा झाला तरी ओळखू येतील अशा खुणा शोधण्याची एक रीत डेव्हिड लोव यांनी १९९९ मध्ये मांडली, आणि आजची बरीच सॉफ्टवेअर तिच्याच धर्तीवर चालतात. मग एका फोटोतली खूण दुसऱ्यात कुठे आहे ते शोधून जोड्या लावल्या जातात. या जोड्यांमध्ये चुकीच्या बऱ्याच असतात. त्या गाळण्यासाठी १९८१ ची एक साधी आणि हुशार युक्ती वापरतात. चार-पाच जोड्या सहज उचलायच्या, त्यांच्यावरून दोन्ही फोटोंमधला वळण्याचा कोन काढायचा, आणि बाकीच्या किती जोड्या या कोनाशी सहमत होतात ते मोजायचं. असं पुन्हा पुन्हा करून जिथे सर्वांत जास्त जोड्या सहमत होतात तो कोन खरा मानायचा, आणि उरलेल्या जोड्या टाकून द्यायच्या. शेवटी सगळ्या फोटोंचे कोन एकदम जुळवून उरलेली चूक सगळीकडे थोडी थोडी वाटून दिली जाते.

वाड्यासारख्या इमारतीत ही बहुमताची पद्धत फसू शकते. सारख्या अंतरावरचे सारखे सुरूदार खांब, सारख्या महिरपी. तिसऱ्या खणातली खूण सॉफ्टवेअरला चौथ्या खणातल्या खुणेसारखी वाटते, आणि गंमत म्हणजे त्या खणातल्या सगळ्याच खुणा तितक्याच सरकलेल्या असल्यामुळे त्या एकमेकींशी पूर्ण सहमत होतात. मग चूकच बहुमतात येते. निकाल अगदी स्वच्छ दिसतो, कुठे जोड कळत नाही, आणि वाड्याचा एक खण गायब झालेला असतो किंवा एक जास्तीचा आलेला असतो. म्हणून मी निम्मा भाग सामायिक ठेवायला सांगितलं. सामायिक भाग मोठा असला की त्यात दुकानाची पाटी, विजेचा बोर्ड, फूटपाथवरचं झाकण अशा एकमेव गोष्टी येतात आणि त्या खऱ्या कोनाच्या बाजूने मत देतात. तरीही जोडून झाल्यावर खण मोजायचेच. प्रत्यक्ष रस्त्यावर उभं राहून मोजलेला आकडा वहीत लिहून आणा, आणि चित्रात तोच येतो का बघा. चुकला तर Control Points या पानावर जाऊन, चुकीच्या खणाला जोडलेल्या जोड्या काढून टाका आणि पाटीवरच्या अक्षरांवर हाताने तीन-चार जोड्या लावा.

Hugin जुळवणीतली सरासरी चूक पिक्सेलमध्ये सांगतं. ती दोन-तीन पिक्सेलच्या आत असेल तर ओळंब्याने काम केलं. दहाच्या पुढे असेल तर बहुधा लेन्स सरकली होती. अशा वेळी जुळवणी पुन्हा पुन्हा चालवण्यापेक्षा जाऊन फोटो पुन्हा काढलेले बरे. जोड कुठे चुकला ते बघायची सर्वांत सोपी जागा म्हणजे डोक्यावरून गेलेल्या केबल्स आणि विजेच्या तारा. त्या तुमच्या जवळ असतात, त्यामुळे पॅरलॅक्स आधी त्यांच्यात दिसतो. तार मध्येच तुटून वर-खाली झाली असेल, पण मागचे खांब एकसंध असतील, तर वाड्यापुरतं चित्र ठीक आहे. खांबांचीच कड दुहेरी असेल तर नाही.

वाहनं काढायला Masks हे पान आहे. ज्या फोटोत रिक्षा वाड्यासमोर आहे, त्या रिक्षाभोवती बहुभुज आखून तो भाग वगळायला सांगायचं. मग ती जागा दुसऱ्या फोटोतून भरली जाते. जवळचा विजेचा खांब असेल तर उलट करा. तो ज्या फोटोत पूर्ण आहे त्यातला त्याचा भाग सक्तीने घ्यायला सांगा आणि इतर फोटोंमधला वगळा. जोड खांबातून जाण्याऐवजी साध्या भिंतीवरून जायला हवा.

चित्र कोणत्या पृष्ठावर पसरायचं

चारही फोटो जागेवर बसले. आता ते एका सपाट चित्रात आणायचे आहेत, आणि लोक नेमकं इथेच थांबत नाहीत. सॉफ्टवेअर जे देईल ते घेतात. रुंद चित्र असलं की सॉफ्टवेअर बहुधा Cylindrical निवडतं. एखाद्या गोल डब्याच्या आतल्या बाजूला कागद लावला आहे, तुम्ही डब्याच्या मध्यावर आहात, दिसेल ते त्या कागदावर उमटलं, आणि मग कागद काढून सरळ पसरला, असा त्याचा अर्थ.

डोंगरांसाठी हे उत्तम आहे. राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून तोरण्याकडची रांग टिपायची असेल तर डोंगर जितका कोन व्यापतो तितकीच जागा त्याला कागदावर मिळते, कुठे ताणलं जात नाही, आणि तिथे वाकायला सरळ रेघाच नसतात. सरळ भिंतीचं मात्र याने वाटोळं होतं. आपल्या हिशेबात वाड्याचं टोक मध्यापासून ५६ अंशांवर आहे. डब्याच्या कागदावर तिथली उंची मधल्या उंचीच्या फक्त ५५ टक्के येते, आणि तिथल्या खणाची रुंदी मधल्या खणाच्या ३१ टक्के. वळचणीची सरळ रेघ धनुष्यासारखी वर फुगते, जोत्याची रेघ खाली फुगते, आणि वाडा पोट पुढे काढून उभा असल्यासारखा दिसतो. चौकटी आखून हे भिंतीवर उतरवलं तर तिसाव्या फुटावर खिडकीइतका अरुंद खण रंगवला जाईल.

Projection या पानावर Rectilinear निवडा. यात चित्र सपाट काचेवर पसरतं. काच जर वाड्याच्या भिंतीला समांतर असेल तर भिंतीचं माप चित्रात सगळीकडे एकच राहतं. वास्तुरचनाकार इमारतीचा समोरचा आराखडा काढतात, जवळजवळ तसंच. आपल्या भिंतीला हेच हवं आहे, कारण सपाट वाडा सपाट भिंतीवरच जाणार आहे आणि मुलं तिच्यापासून हातभर अंतरावरून चालत जाणार आहेत.

पण काच समांतर आहे हे सॉफ्टवेअरला आपोआप कळत नाही. ते चारही फोटोंचा मध्य काढून तोच समोर मानतं. तुम्ही फूटपाथवर थोडे डावीकडे उभे असाल, किंवा टोकाचा जास्तीचा भाग एका बाजूला जास्त असेल, तर काच तिरपी राहते. कसं ओळखायचं? प्रत्यक्षात सारखे असलेले तीन खण निवडा, एक डाव्या टोकाचा, एक मधला, एक उजव्या टोकाचा, आणि चित्रात त्यांची रुंदी पिक्सेलमध्ये मोजा. ते खरंच सारखे आहेत का याची खात्री रस्त्यावर असतानाच पावलांनी करून घ्या. तिन्ही सारखे आले तर काच समांतर. डावा मोठा आणि उजवा लहान आला तर चित्र Move/Drag पानावर आडवं थोडं ओढा आणि पुन्हा मोजा. दोन्ही टोकं मधल्यापेक्षा लहान आली तर तुम्ही अजून डब्यावरच आहात. उभे खांब वर एकमेकांकडे झुकत असतील तर फोन झुकला होता. Control Points मध्ये दोन-तीन खांबांच्या कडांवर उभी रेघ म्हणून खुणा लावल्या की सॉफ्टवेअर ते सरळ करतं.

सपाट काचेची किंमतही आहे, आणि ती माहीत असल्याशिवाय या चित्रावरून रंगवू नये. भिंतीत बसलेली प्रत्येक गोष्ट बरोबर येते, पण भिंतीतून पुढे आलेली गोल गोष्ट टोकाकडे जाड होत जाते. ५६ अंशांवर ती १.८ पट जाड होते, उंची मात्र तीच राहते. म्हणजे टोकाच्या खणाची रुंदी बरोबर, पण त्याचा सुरूदार खांब मधल्या खांबाच्या जवळजवळ दुप्पट रुंद. फूटपाथवरचा माणूस तर ठेंगणा आणि बेढब दिसतो. हा लेन्सचा दोष नाही, सपाट पृष्ठावरच्या यथार्थदर्शनाचा स्वभावच तसा आहे. लिओनार्दो दा विंचीने खांबांच्या रांगेच्या बाबतीत हे पाचशे वर्षांपूर्वी नोंदवून ठेवलं आहे. शिवाय टोकाच्या खांबाची तुम्हाला समोरची बाजू दिसत नाही, आतली बाजू दिसते.

दुसरी किंमत तपशिलाची. आपलं चित्र सुमारे ९,१०० पिक्सेल रुंद होतं, म्हणजे दर मीटरला ३०० च्या आसपास. मध्यावर हे सगळे खरे पिक्सेल असतात. टोकाला फोनने आडवे मीटरमागे १०० च्या आसपासच टिपलेले असतात. उरलेले सॉफ्टवेअरने ताणून भरलेले असतात. चित्र पूर्ण आकारात उघडून टोकाची नक्षी बघितली तर ती आडवी पुसट झालेली दिसते. मापासाठी ती चालते, नक्षी बघून रंगवायला नाही.

मधला मार्ग म्हणून Panini नावाचं प्रोजेक्शन अनेकजण सुचवतात. अठराव्या शतकात रोमच्या चर्चांचे प्रचंड रुंद अंतर्भाग रंगवणाऱ्या जोवान्नी पाओलो पानिनी या चित्रकाराचं नाव त्याला दिलं आहे. त्यात उभ्या रेघा सरळ राहतात, आणि समोरच्या लोपबिंदूकडे धावणाऱ्या रेघाही सरळ राहतात. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून खोलवर बघत असाल तर ते फार सुरेख काम करतं. पण समोर आडव्या उभ्या असलेल्या भिंतीच्या आडव्या रेघा त्यातही वाकतात. विश्रामबागवाड्याला समोरून बघताना त्याचा उपयोग नाही.

म्हणून मी दोन रेफरन्स बनवते. एक हा सपाट काचेचा, फक्त मापांसाठी. खांबाचा मध्य, खणाची रुंदी, वळचण, जोतं, सज्जाची पातळी एवढंच त्यावरून घ्यायचं. दुसरे साधे, न जोडलेले फोटो. फोटो काढायच्या दिवशीच फूटपाथवरून चालत जायचं आणि प्रत्येक दुसऱ्या खणासमोर बरोबर उभं राहून 1x वर एकेक फोटो घ्यायचा. हे जोडायचे नाहीत. लेन्स सरकलेली असल्यामुळे ते नीट जुळणारही नाहीत. खांबाची खरी जाडी, महिरपीचा आकार आणि नक्षी यांच्यावरून बघायची. टोकाचा खांब चौकटीत उतरवताना त्याचा मध्य पॅनोरमावरून घ्या आणि जाडी मधल्या खांबाची द्या.

शेवटी छापणं. चित्र ३० मीटरपुरतं कापून घ्या आणि दर ३०३ पिक्सेलला उभी आणि आडवी रेघ आखा. प्रत्येक चौकट भिंतीवरच्या एका फुटाची झाली. रेघांवर डावीकडून १ ते ३० आकडे टाका. पूर्ण चित्र एका लांब फ्लेक्सवर छापण्यापेक्षा पाच-पाच चौकटींचे सहा कागद छापा. ते शिडीवर हातात धरता येतात, रंगाने भरले तरी पुन्हा छापता येतात. प्रत्येक कागदावर शेजारच्या कागदातली एक चौकट दोन्हीकडे जास्तीची ठेवा, म्हणजे खांब कुठल्या कागदावर संपला याचा शिडीवर गोंधळ होत नाही. भिंतीवर पहिला खडू लावण्याआधी दोऱ्याने पूर्ण ३० फूट पातळी मारून घ्या. कंपाउंडच्या भिंतीचा वरचा काठ बहुधा रस्त्याच्या उतारासोबत उतरतो, त्यावरून मोजलं तर सरळ केलेला वाडा पुन्हा तिरका होईल.